छेद कोणता आणि सरासरी कशाची? सर्वेक्षणातील उत्तरे समितीच्या तक्त्यात मांडताना

महाविद्यालयाच्या ग्रंथालय समितीची बैठक जवळ आलेली असते. विद्यार्थ्यांना पाठवलेला गूगल फॉर्म बंद होतो आणि सचिवांच्या हाती दोनशेच्या आसपास ओळींची एक शीट येते. काही प्रश्नांना एकच पर्याय निवडायचा होता, काहींना लागू असतील तेवढे सगळे, आणि काही प्रश्नांवर १ ते ५ गुण द्यायचे होते. समितीला यातून एका पानाचा तक्ता हवा असतो. हे काम कारकुनी वाटते. पण त्यातल्या दोन निर्णयांवर संख्याशास्त्राचे अभ्यासक गेली कित्येक दशके वाद घालत आले आहेत आणि ते निर्णय बदलले की त्याच शीटमधून समितीला वेगळे चित्र दिसते. या वादांची आजची स्थिती काय आहे आणि त्यातले काय समितीच्या तक्त्यापर्यंत पोचते, हे पाहण्याचा हा प्रयत्न आहे.

प्रश्न कुठून आला

महाविद्यालयांत असे तक्ते आज सर्रास दिसतात ते नॅकमुळे. नॅकच्या २०१७ च्या सुधारित आराखड्यात विद्यार्थी समाधान सर्वेक्षण हा अध्यापन व मूल्यमापनाच्या निकषाखालचा स्वतंत्र निर्देशक झाला. नॅकच्या प्रश्नावलीत एकवीस प्रश्न आहेत. त्यातले वीस पर्यायांचे आणि शेवटचा मोकळ्या उत्तराचा. प्रत्येक पर्यायाला ४ ते ० असा गुण आहे. वार्षिक गुणवत्ता अहवालासाठी संस्थेला स्वतःची प्रश्नावलीही करता येते, मात्र निकाल संकेतस्थळावर ठेवावे लागतात. त्यामुळे आयक्यूएसीच्या समन्वयकांना दरवर्षी अशी शीट आवरावीच लागते आणि ग्रंथालय, वसतिगृह, उपाहारगृह अशा समित्यांनीही हीच पद्धत उचलली आहे.

गुण देण्याची ही रीत मात्र बरीच जुनी आहे. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ रेन्सिस लिकर्ट यांनी १९३२ मध्ये लोकांच्या वृत्ती मोजण्यासाठी पाच पायऱ्यांची उत्तरे वापरली. त्या काळी अशा उत्तरांना गुण देण्याच्या किचकट गणिती पद्धती होत्या. लिकर्ट यांनी सरळ १, २, ३, ४, ५ असे आकडे दिले आणि निकाल त्या किचकट पद्धतींशी जवळजवळ जुळतात असे दाखवले. इथे एक गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. ते एकाच विषयावरची अनेक विधाने घेत आणि त्यांच्या गुणांची बेरीज करत. एका सुट्या प्रश्नाची सरासरी काढून ती तक्त्यात मांडणे हे त्यांच्या पद्धतीचे केंद्र नव्हते. आपल्या समित्या नेमके तेच करतात.

एक शीट, उदाहरणादाखल

पुढची चर्चा हवेत राहू नये म्हणून एक काल्पनिक महाविद्यालय घेऊ. आकडे गणित समजावे म्हणून मी ठरवलेले आहेत. विद्यार्थी १२५०, फॉर्म आले २०८. त्यातले सहा दुबार पाठवलेले आणि दोन पूर्ण कोरे निघाले. उरले २००. यातल्या आठ जणांनी वर्ग आणि शाखा एवढी माहिती भरून पुढचे सगळे प्रश्न सोडून दिले. म्हणजे प्रत्यक्ष प्रश्नांना उत्तर देणारे १९२.

हे चार आकडे, २०८, २००, १९२ आणि १२५०, तक्त्याच्या आधीच एका ओळीत यायला हवेत. बऱ्याच अहवालांत ‘एकूण प्रतिसाद २०८’ असे वर छापलेले असते आणि खालची टक्केवारी मात्र १९२ वर काढलेली असते. वाचणारा सदस्य हिशेब जुळवायला बसला की त्याचा साऱ्या तक्त्यावरचा विश्वास उडतो, आणि त्यात त्याचे काहीच चुकत नाही.

पहिला वाद : टक्केवारीचा छेद

फॉर्ममध्ये प्रश्न होता : ग्रंथालयात तुम्ही कशासाठी येता? लागू असतील ते सर्व पर्याय निवडा. उत्तरे अशी आली : पाठ्यपुस्तके नेण्यासाठी १३२, अभ्यासिकेत बसण्यासाठी ११८, वर्तमानपत्रे व मासिके वाचण्यासाठी ५४, स्पर्धा परीक्षेची पुस्तके पाहण्यासाठी ४६, संगणक वापरण्यासाठी ३८ आणि इतर १२. निवडलेल्या पर्यायांची बेरीज ४००.

अभ्यासिकेची टक्केवारी काढताना ११८ ला कशाने भागायचे? १९२ ने भागले तर ६१ टक्के येतात. ४०० ने भागले तर साडेएकोणतीस. पहिला आकडा सांगतो की उत्तर देणाऱ्या दहा जणांपैकी सहा जण अभ्यासिका वापरतात. दुसरा सांगतो की सांगितलेल्या सगळ्या कारणांपैकी तीन दशांश कारणे अभ्यासिकेची आहेत. दोन्ही विधाने खरी आहेत, पण ती वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरे आहेत. अभ्यासिकेत आणखी चाळीस खुर्च्या घ्यायच्या की नाही हे ठरवणाऱ्या समितीपुढे साडेएकोणतीस ठेवले आणि शेजारी ‘विद्यार्थ्यांपैकी’ असे लिहिले, तर तिथे बसणाऱ्यांची संख्या निम्म्याहून कमी दिसते.

उत्तरांच्या छेदाची बाजू घेणाऱ्यांचे म्हणणेही समजून घ्यायला हवे. त्यांचा पहिला मुद्दा असा की या पद्धतीत बेरीज शंभर होते आणि वाचणारा बिचकत नाही. माणसांच्या छेदावर वरच्या टक्क्यांची बेरीज २०८ होते, आणि बैठकीत कोणीतरी हमखास विचारतो की शंभराच्या वर कसे गेले. दुसरा मुद्दा जास्त वजनदार आहे. कामाचा भार वाटायचा असेल, उदाहरणार्थ काउंटरवरच्या मागण्यांचा अंदाज घेऊन कर्मचारी नेमायचे असतील, तर कारणांची वाटणीच उपयोगाची असते. एखाद्या उत्साही विद्यार्थ्याने सहाही पर्याय निवडले तर माणसांच्या छेदात तो प्रत्येक ओळीत मोजला जातो, अशी त्यांची हरकतही असते, पण उत्तरांच्या छेदातही तेच होते.

व्यवहारात मात्र पारडे एका बाजूला झुकलेले आहे. एसपीएससचा बहुनिवड प्रश्नांचा तक्ता दोन्ही टक्केवाऱ्या शेजारी शेजारी देतो आणि निवड वापरणाऱ्यावर सोडतो. समितीचे प्रश्न बहुतेक वेळा ‘किती जणांना’ असेच असतात, म्हणून माणसांचा छेद घ्यावा आणि तक्त्याखाली ‘एकाहून अधिक पर्याय निवडता येत असल्याने बेरीज १०० पेक्षा जास्त’ असे लिहावे, असा बहुसंख्यांचा कल आहे. मलाही तेच बरोबर वाटते. दोन्ही टक्केवाऱ्या एकाच तक्त्यात ठेवायचा मोह मात्र टाळावा. बैठकीत सदस्य आपल्याला हवी ती ओढून घेतात आणि चर्चा आकड्यांवरच अडकून पडते.

मोजणीत होणाऱ्या चुका

छेद ठरला तरी अंश चुकू शकतो. इथे मतभेद नाहीत, फक्त चुका आहेत, आणि त्या सहज दिसत नाहीत.

गूगल फॉर्म बहुनिवड प्रश्नाची सगळी उत्तरे एकाच घरात स्वल्पविरामाने जोडून ठेवतो. पर्यायातच स्वल्पविराम असेल, समजा ‘वर्तमानपत्रे, मासिके’ असे लिहिले असेल, तर स्वल्पविरामावर तोडल्याबरोबर एका पर्यायाचे दोन तुकडे होतात आणि तक्त्यात ‘मासिके’ नावाचा कोणी न विचारलेला पर्याय उगवतो. न तोडता मजकूर शोधून मोजला तर वेगळीच अडचण येते. खालची सूत्रे पाहा.

```
=COUNTA(C2:C201)
=COUNTIF(C2:C201,"*पुस्तके*")
=COUNTIF(C2:C201,"*स्पर्धा परीक्षेची पुस्तके*")
```

पहिले सूत्र या प्रश्नाला उत्तर देणारे मोजते, म्हणजे १९२. दुसऱ्यात ‘पुस्तके’ हा शब्द ‘पाठ्यपुस्तके’ आणि ‘स्पर्धा परीक्षेची पुस्तके’ या दोन्हींत सापडतो, त्यामुळे यांपैकी एक जरी निवडणारा असला तरी तो मोजला जातो. तिसऱ्यात पूर्ण पर्याय दिला आहे आणि उत्तर ४६ येते. मराठीत समास आणि प्रत्यय जोडून शब्द तयार होत असल्याने असा घोळ फार सहज होतो. म्हणून फॉर्म तयार करतानाच प्रत्येक पर्यायापुढे ‘अ’, ‘आ’ असा खूण-अक्षराचा कंस ठेवणारे समन्वयक मला फार शहाणे वाटतात. मोजताना ती खूण शोधली की काम होते.

आणखी एक चूक फॉर्म सुरू असताना पर्यायाचा मजकूर सुधारल्यामुळे होते. शुद्धलेखन दुरुस्त करावे म्हणून कोणी ‘अभ्यासीका’ चे ‘अभ्यासिका’ केले तर आधी आलेली उत्तरे जुन्याच रूपात राहतात आणि मोजणी दोन ओळींत विभागली जाते. ओळखायची खूण सोपी आहे. प्रत्येक पर्यायाची संख्या आणि ‘इतर’ धरून आलेली बेरीज ही शीटमधल्या एकूण निवडींशी ताडून पाहायची. आपल्या उदाहरणात ती ४०० आली पाहिजे. एकनेही फरक पडला तर कुठेतरी एक उत्तर निसटले आहे.

या सगळ्याच्या मुळाशी शीटची रचना आहे. हॅडली विकहॅम यांनी २०१४ मध्ये नीटस विदेची व्याख्या मांडली : प्रत्येक चल एका स्तंभात, प्रत्येक निरीक्षण एका ओळीत. त्यानुसार बहुनिवड प्रश्नाचा प्रत्येक पर्याय स्वतंत्र स्तंभात १ किंवा ० असा ठेवला की वरच्या बहुतेक चुका होण्याआधीच थांबतात. पण हा काम करण्याचा तक्ता झाला, समितीने वाचायचा तक्ता वेगळा. पुष्कळ अहवालांत पहिलाच छापून दुसऱ्याच्या जागी ठेवलेला असतो आणि सदस्यांसमोर तीस स्तंभांचे पान येते.

दुसरा वाद : सरासरी काढावी का

गुणांच्या प्रश्नांवरचा वाद जास्त जुना आणि जास्त तीव्र आहे. हार्वर्डचे एस. एस. स्टीव्हन्स यांनी १९४६ मध्ये मापनाचे चार प्रकार सांगितले : नामसूचक, क्रमसूचक, अंतरसूचक आणि गुणोत्तरसूचक. ‘समाधानी’ हे ‘असमाधानी’च्या वर आहे एवढे आपल्याला माहीत असते. १ ते २ आणि ४ ते ५ यांतले अंतर सारखे आहे हे माहीत नसते. म्हणून समाधानाची श्रेणी क्रमसूचक, आणि क्रमसूचक आकड्यांची सरासरी काढू नये, मध्यक घ्यावा, अशी ही भूमिका आहे.

नॅकचा पहिलाच प्रश्न याचे चांगले उदाहरण आहे. वर्गात किती अभ्यासक्रम पूर्ण झाला याला ८५ ते १०० टक्के झाल्यास ४, ७० ते ८४ ला ३, ५५ ते ६९ ला २, ३० ते ५४ ला १ आणि ३० च्या खाली ० गुण आहेत. वरच्या तीन पायऱ्या साधारण पंधरा टक्क्यांच्या, चौथी पंचवीसची आणि शेवटची तीसची. गुण मात्र प्रत्येक पायरीला एकेकाने उतरतात. २.५ ही सरासरी म्हणजे अमुक टक्के अभ्यासक्रम, असे यातून कोणालाच म्हणता येणार नाही.

विरोधी बाजूही तितकीच जुनी आहे. फ्रेडरिक लॉर्ड यांनी १९५३ मध्ये एका प्राध्यापकाची कल्पित गोष्ट लिहिली. ते फुटबॉल खेळाडूंना पाठीवरचे क्रमांक विकतात आणि त्या क्रमांकांची सरासरी काढूनच वाद मिटतो. आकडे कुठून आले हे आकड्यांना ठाऊक नसते, हा तिचा गाभा. पुढे सुसान जेमीसन यांनी २००४ मध्ये लिकर्ट श्रेणीच्या गैरवापरावर टीका केली, तेव्हा जेफ नॉर्मन यांनी २०१० मध्ये उलट बाजू मांडली : सरासरीवर आधारलेल्या सांख्यिकी चाचण्या अशा आकड्यांवरही बहुतेक वेळा बरोबर निष्कर्ष देतात, त्यामुळे धास्ती बाळगायचे कारण नाही. २०१८ मध्ये टॉरिन लिडेल आणि जॉन क्रुश्के यांनी दाखवले की क्रमसूचक उत्तरांना सरळ आकडे मानले तर काही परिस्थितींत नसलेला फरक दिसतो, असलेला दडतो, एवढेच काय, फरकाची दिशाही उलटू शकते.

हा सगळा वाद मुख्यतः चाचण्यांचा आहे. समितीच्या तक्त्यात चाचणी नसतेच, वाचणारा माणूस असतो. म्हणून प्रश्न थोडा बदलतो : सरासरी वाचून सदस्याला काय समजते? आपल्या उदाहरणातले दोन प्रश्न पाहू. ५ म्हणजे अतिशय समाधानी, १ म्हणजे अतिशय असमाधानी. दोन्हींना उत्तर देणारे १९२.

| प्रश्न | ५ | ४ | ३ | २ | १ | सरासरी |
|---|---|---|---|---|---|---|
| अभ्यासिकेची वेळ | ६२ | ३८ | १४ | ३० | ४८ | ३.१९ |
| कर्मचाऱ्यांचे सहकार्य | १४ | ५२ | ९० | २८ | ८ | ३.१९ |

दोन्ही ओळींत गुणांची बेरीज ६१२ आणि सरासरी ३.१९. समितीसमोर फक्त शेवटचा स्तंभ गेला तर दोन्ही बाबी ‘मध्यम समाधान’ म्हणून पुढे सरकतील. पण कर्मचाऱ्यांच्या बाबतीत निम्म्याच्या आसपास लोक खरोखरच मधोमध आहेत. वेळेच्या बाबतीत मधोमध जवळजवळ कोणीच नाही : ५२ टक्के समाधानी, ४१ टक्के असमाधानी आणि फक्त ७ टक्के तटस्थ.

मध्यकाचा आग्रह धरणाऱ्यांनाही इथे सोपे उत्तर मिळत नाही. वेळेचा मध्यक ४ येतो आणि सहकार्याचा ३. क्रमसूचक मापनाचा नियम तंतोतंत पाळून समितीला सांगितले जाईल की वेळेबाबत विद्यार्थी जास्त समाधानी आहेत, आणि अठ्ठ्याहत्तर असमाधानी विद्यार्थी त्या आकड्यामागे नाहीसे होतील. प्रमाण विचलन दिले तर फरक कळतो, वेळेचे १.६२ आणि सहकार्याचे ०.९२. पण प्राचार्य, दोन प्राध्यापक, ग्रंथपाल आणि विद्यार्थी प्रतिनिधी अशा समितीत ते किती जण वाचतात हा प्रश्न उरतोच.

वरच्या दोन पर्यायांची एकत्र टक्केवारी द्यावी असा तिसरा मार्ग बाजार-संशोधनातून आला आहे. ‘समाधानी ५२, तटस्थ ७, असमाधानी ४१’ असे तीन आकडे कोणालाही वाचता येतात. यावर आक्षेप असा की ‘अतिशय समाधानी’ आणि ‘समाधानी’ एकत्र केले की माहिती कमी होते, आणि फक्त वरचे दोन दिले तर तटस्थ आणि नाराज एकाच पिशवीत जातात. दुसरा आक्षेप खरा आहे आणि सरावात वारंवार दिसतो, म्हणून तीनही भाग द्यावेत. पहिल्यावर अजून एकमत नाही. माझ्या मते पाच पायऱ्यांची पूर्ण मोजणी परिशिष्टात असली की मुख्य तक्त्यात तीन भाग पुरतात, आणि सरासरी द्यायचीच असेल तर ती शेवटच्या स्तंभात, वाटणीनंतर यावी. वर्षागणिक तुलना करायला ती सोयीची असते हे मान्य करावे लागते.

वेळेच्या ओळीतली ही फूट दिसली की पुढचा प्रश्न आपोआप येतो : नाराज कोण? उदाहरणात रोज एसटीने गावाहून ये-जा करणारे ८० विद्यार्थी आहेत, त्यातले ६० असमाधानी. गावातले आणि वसतिगृहातले ११२, त्यातले असमाधानी फक्त १८. म्हणजे ७५ टक्के विरुद्ध १६ टक्के. अभ्यासिका सकाळी दहाला उघडते आणि संध्याकाळी पाचची गाडी चुकली तर सातशिवाय दुसरी नाही, अशी परिस्थिती असेल तर समितीने काय ठरवायचे ते या एका ओळीतून कळते. ३.१९ मधून ते कधीच कळले नसते.

रिकामे घर आणि ‘लागू नाही’

तिसरा मुद्दा वादाइतकाच गाफीलपणाचा आहे. संगणक सुविधेवरच्या प्रश्नाला ‘वापरलेली नाही’ असा सहावा पर्याय होता. १९२ पैकी १०८ जणांनी तो निवडला, ८४ जणांनी गुण दिले, आणि त्यातले ४८ समाधानी. वापरणाऱ्यांपैकी समाधानी ५७ टक्के. उत्तर देणाऱ्या सगळ्यांपैकी समाधानी २५ टक्के. सुविधेचा दर्जा विचारायचा असेल तर पहिला आकडा, सुविधा किती जणांपर्यंत पोचली हे विचारायचे असेल तर ‘वापरलेली नाही’ ५६ टक्के हा स्वतंत्र आकडा. दुसऱ्या प्रश्नासाठी २५ टक्के देणे मात्र फसवे, कारण उरलेल्या पंचाहत्तरांत नाराज किती आणि अनभिज्ञ किती हे त्यातून कळत नाही.

खरी आपत्ती ‘वापरलेली नाही’ला ० लिहिल्याने येते. त्या ८४ जणांच्या गुणांची बेरीज २९४, सरासरी ३.५. एकशे आठ शून्ये त्यात मिसळली की सरासरी १.५३ होते आणि बऱ्यापैकी चाललेली संगणक खोली तक्त्यात सर्वात खालच्या ओळीत जाते. नॅकच्या प्रश्नावलीत ० हे खरे उत्तर आहे, ‘३० टक्क्यांपेक्षा कमी’ किंवा ‘अन्यायकारक’ असा अर्थ असलेले. त्या सवयीने हात बसलेला माणूस रिकाम्या घरातही ० भरतो. ही चूक पकडायची खूण अशी : १ ते ५ च्या स्तंभातला सर्वात लहान आकडा `=MIN(F2:F201)` ने काढून पाहावा. तो ० आला तर सरासरीवर विश्वास ठेवू नये.

उलट्या प्रश्नांचेही असेच आहे. ‘पुस्तक मिळायला फार वेळ लागतो’ या विधानाला ५ म्हणजे पूर्ण सहमत, म्हणजेच पूर्ण नाराज. तक्त्यात ते तसेच उतरले तर तक्रार कौतुकासारखी दिसते. गुण उलटवावेत किंवा अशी विधाने वेगळ्या तक्त्यात ठेवावीत, दोन्ही चालतात. कोणते केले ते तळटीपेत लिहिणे आवश्यक आहे.

दशांश, छोटे गट आणि विश्वासाची मर्यादा

१९२ जणांत एक माणूस म्हणजे अर्धा टक्का. तेव्हा ‘६८.७५ टक्के’ लिहिण्यातली अचूकता दिखाऊ आहे, ६९ पुरे. पूर्णांकांमुळे कधी बेरीज ९९ किंवा १०१ होईल. अशा वेळी एखादा आकडा गुपचूप एकने वाढवून शंभर करण्याची पद्धत काही ठिकाणी आहे. ती सोडावी, तळटीप द्यावी.

भूगोल विभागातून नऊच उत्तरे आली आणि सहा समाधानी निघाले, तर ‘६७ टक्के’ न म्हणता ‘९ पैकी ६’ म्हणावे. एका विद्यार्थ्याचे मत बदलले तर टक्केवारी अकराने हलते. छोट्या गटात आणखी एक धोका असतो. एका वर्गातल्या तीनच मुलींनी फॉर्म भरला आणि तक्त्यात विभाग, वर्ष, लिंग असे तीन भाग पाडले, तर कोण काय म्हणाली हे वर्गात सगळ्यांना कळते. सरकारी सांख्यिकी संस्था ठराविक संख्येखालची घरे झाकतात. ती संख्या किती असावी यावर एकसारखा नियम नाही, पाचपासून दहापर्यंतचे उंबरठे वापरले जातात.

राहता राहिला १२५० चा प्रश्न. नॅकच्या २०१७ च्या आराखड्यानुसार महाविद्यालयांसाठी दहा टक्के विद्यार्थी किंवा १००, यातले जे कमी असेल तेवढे प्रतिसाद लागतात. आपल्या महाविद्यालयाने २०० मिळवले, म्हणजे अट ओलांडली. पण ही अट सर्वेक्षण ग्राह्य धरण्याची आहे, ते विद्यार्थ्यांचे प्रतिनिधित्व करते याची हमी नाही. फॉर्म ज्यांनी आपणहून भरला ते यादृच्छिक पद्धतीने निवडलेले नाहीत. म्हणून ‘३ टक्के कमी-अधिक’ अशी त्रुटीमर्यादा तक्त्याखाली लिहू नये. जनमत संशोधकांची अमेरिकन संघटनाही स्वेच्छेने भरलेल्या सर्वेक्षणांसाठी अशा मर्यादेबाबत सावध करते. ग्रंथालयाच्या फॉर्ममध्ये हा धोका दुप्पट असतो, कारण ग्रंथालयात न येणारा विद्यार्थी त्याची लिंकही उघडत नाही.

जे अजून सुटलेले नाही

माणसांचा छेद घ्यावा, कोरे घर शून्य धरू नये, वाटणी सरासरीच्या आधी यावी, इथवर बऱ्यापैकी सहमती दिसते. पुढे रस्ता फुटतो. तटस्थ पर्याय ठेवावा की चार पायऱ्यांची श्रेणी करून विद्यार्थ्याला एका बाजूला जायला लावावे, यावर दोन्ही बाजूंना पुरावे आहेत. मराठीत त्याला आणखी एक पदर आहे. ‘ठीक आहे’ असा मधला पर्याय ठेवला तर कोणी त्याला तटस्थ समजतो, कोणी बऱ्यापैकी पसंती, कोणी सभ्यपणे व्यक्त केलेली नाराजी. आपल्या उदाहरणातले ते नव्वद जण यांपैकी कुठले, हे तक्ता सांगू शकत नाही. फॉर्म इंग्रजीत दिला तर ग्रामीण विद्यार्थी वेगळे उत्तर देतील का, हेही प्रत्येक महाविद्यालयाने स्वतः तपासून पाहावे लागेल.

वर्षागणिक तुलनेचा गुंता सर्वात अवघड आहे. मागच्या वर्षी श्रेणी ० ते ४ होती, यंदा १ ते ५ केली. जुन्या सरासरीत १ मिळवून रेषा जोडणारे अहवाल दिसतात, आणि गणित म्हणून ते बिनचूक आहे. पण शब्द बदलले असतील, ‘कधी कधी अन्यायकारक’च्या जागी ‘तटस्थ’ आले असेल, तर त्या दोन आकड्यांमध्ये विद्यार्थ्यांच्या मताबरोबर प्रश्नाचाही बदल मिसळलेला असतो. तो वेगळा काढायचा एकच खात्रीचा उपाय आहे : एका वर्षी जुना आणि नवा प्रश्न निम्म्या-निम्म्या विद्यार्थ्यांना चिठ्ठ्या टाकून द्यायचा. एकाच समितीच्या कार्यकाळात हे करायला वेळ मिळत नाही. तोवर अशा दोन वर्षांचे आकडे तक्त्यात शेजारी ठेवताना मध्ये एक उभी रेघ ओढून ‘प्रश्न बदलला’ एवढे दोन शब्द तिथे लिहिता येतात.